जोडला जातो, पण अडखळतो: एका हेडफोनच्या तीन तक्रारी

*नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मुलानं मला कान पूर्ण झाकणारा ब्लूटूथ हेडफोन घेऊन दिला आणि फोनमध्ये ‘सगळ्यात चांगला आवाज येईल असं’ काहीतरी सेटिंग करून दिलं. एलडॅक म्हणाला होता. हल्ली हेडफोन लगेच जोडला जातो, पण गाणं अडखळत येतं. संध्याकाळी सातनंतर फारच. गच्चीवर फिरायला गेले की बरंच कमी होतं. लॅपटॉपवर बरा चालतो, पण जुनी ध्वनिमुद्रणं ठेवलेली हार्ड डिस्क लावली की आवाजाचे तुकडे पडतात. आणि बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली आली की कुठेही बसले तरी तेच. फोनमधून काढून पुन्हा जोडून पाहिला, फरक नाही. दुकानदार म्हणतो ब्लूटूथ गेलं, नवा घ्या. घ्यावा का?*
*— एक वाचक, डोंबिवली*

नमस्कार ताई,

नवा घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुम्ही जे लिहिलंय ते नीट वाचलं तर हा एक बिघाड नाही, तीन वेगवेगळे आहेत, आणि त्यातले दोन तर हेडफोनमध्ये नाहीतच. एक घरातल्या हवेत आहे, एक हार्ड डिस्कच्या वायरीत आहे आणि तिसरा बहुधा हेडफोनच्या बॅटरीत. मुलानं करून दिलेलं सेटिंग पहिल्याला खतपाणी घालतंय. नवा हेडफोन आणलात तर तिसरा जाईल, पहिले दोन जसेच्या तसे राहतील, आणि तुम्हाला वाटेल की नवाही खराबच निघाला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दुकानदारही तिथेच चुकला. जोडणी होणं आणि आवाज सलग येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जोडणी टिकवायला फोन आणि हेडफोनमध्ये अधूनमधून एखादा छोटा निरोप पोचला तरी पुरतं. काही सेकंद निरोप पोचले नाहीत तरी जोडणी तुटत नाही. आवाजाचं तसं नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी थांबत थांबत येतं आणि खाली नळ मात्र सतत चालू असतो, तसं हेडफोनमध्ये आवाजाचा एक छोटा साठा असतो, साधारण सेकंदाचा एक-पंचमांश, काही हेडफोनमध्ये थोडा जास्त. फोनकडून येणारी माहिती तेवढ्या वेळापेक्षा जास्त रखडली की साठा संपतो आणि कानात खाडा पडतो. म्हणून ‘कनेक्टेड’ असं दिसत असताना गाणं तुटू शकतं. आणि म्हणूनच काढून पुन्हा जोडल्यानं तुम्हाला काही फरक पडला नाही. जोडणी नीटच होती. माहिती वेळेवर पोचत नव्हती.

आता ती का रखडते ते एकेक करून पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळा. सेटिंग बदललं, जागा बदलली आणि चार्जिंगही केलं, असं एकदम केलंत तर गाणं सुधारेल, पण कशामुळे ते कळणार नाही. आणि सगळ्या तपासण्यांसाठी एकच गाणं घ्या, फोनमध्ये उतरवून ठेवलेलं. इंटरनेटवरून वाजणारं घेऊ नका, कारण नेट मंदावलं तरीही गाणं थांबतंच आणि मग उगाच हेडफोनला दोष जातो. तपासणी चालू असेपर्यंत लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद ठेवा. तुमचा हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेला राहणारा असेल, तर दोघांकडे लक्ष ठेवण्यातच त्याचा वेळ जातो.

संध्याकाळी सातनंतरची हवा

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. हा पट्टा कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. वाय-फाय, बिनतारी माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच असतात. त्या पट्ट्यात हेडफोनसाठी वापरलं जाणारं ब्लूटूथ ७९ बारीक वाहिन्या वापरतं आणि सेकंदाला १६०० वेळा एकीवरून दुसरीवर उडी मारू शकतं. एखादी वाहिनी गजबजलेली निघाली तर तिथलं माहितीचं पाकीट वाया जातं, ते पुढच्या उडीत पुन्हा पाठवलं जातं. शिवाय २००३ सालापासून ब्लूटूथला आणखी एक शहाणपण आलं आहे: ज्या वाहिन्यांवर सतत अडचण येते त्या ओळखून तो वगळत जातो. पण वगळायलाही मर्यादा आहे. किमान २० वाहिन्या त्याला वापराव्याच लागतात.

डोंबिवलीतल्या इमारतीत संध्याकाळी सातनंतर काय होतं ते तुम्हीच पाहा. प्रत्येक घरात राउटर आहे, टीव्हीवर मालिका आणि मोबाईलवर व्हिडिओ चालू आहेत. २.४ च्या पट्ट्यातली एक वाय-फाय वाहिनी ब्लूटूथच्या वीसेक वाहिन्या एकदम व्यापते, आणि १, ६ व ११ या तीन वाय-फाय वाहिन्यांवर शेजारीपाजारी वाटले गेले की जवळजवळ सगळा पट्टा भरतो. ब्लूटूथ वगळून वगळून कुठे जाणार? दुपारी तेच घर, तोच हेडफोन ठीक चालतो, कारण तेव्हा हे राउटर गप्प असतात.

गच्चीवर कमी होतं हा तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगाचा धागा आहे. मोकळ्या जागेत वाय-फायची गर्दी कमी, म्हणून आवाज सुधारतो. उलट झालं असतं, म्हणजे घरात बरा आणि मोकळ्यावर वाईट, तर मी शरीराच्या आडोशाचा संशय घेतला असता. आपल्या अंगात पाणी भरपूर आहे आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात आणि हेडफोनची अँटेना दुसऱ्या बाजूच्या कपात असली की मधे आपणच येतो. घरात भिंतींवरून परावर्तन होऊन लहरी वळसा घालून पोचतात. मैदानावर परावर्तन करायला काही नसतं, तिथे हा आडोसा जास्त जाणवतो. तुमच्याकडे तसं नाही. तरीही फोन एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खिशात ठेवून पाहा. एका बाजूला फरक पडत असेल तर ती बाजू कायमची धरा.

पण शेजाऱ्यांच्या राउटरच्या आधी तुमचा स्वतःचा फोन तपासा. बहुतेक फोनमध्ये २.४ चं वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये असतात, बऱ्याचदा एकच अँटेना वाटून घेतात. वाय-फाय बोलत असताना ब्लूटूथला थांबावं लागतं, मग पाळी आलटून-पालटून फिरते. फोन त्याच वेळी काही मोठं उतरवत असेल, फोटोंचा बॅकअप चढवत असेल, तर ब्लूटूथची पाळी उशिरा येते.

हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे. संध्याकाळी, नेहमीच्या जागी, उतरवलेलं गाणं लावा. दहा मिनिटं जसं अडखळतं तसं ऐका. मग फोनचं वाय-फाय बंद करून तेच गाणं पुन्हा दहा मिनिटं ऐका. अँड्रॉइडमध्ये एक बारीक गोष्ट: वाय-फाय बंद केलं तरी लोकेशनच्या सेटिंगमध्ये `Wi-Fi scanning` चालू असेल तर फोन आजूबाजूचे राउटर शोधत राहतो. तपासणीपुरतं तेही बंद करा. वाय-फाय बंद केल्यावर आवाज सलग झाला तर दोष तुमच्या घरातल्या जोडणीचा, आणि तो कायमचा दूर करता येतो. फारसा फरक पडला नाही तर गर्दी बाहेरची आहे, आणि तिच्यावर उपाय पुढच्या भागात आहे.

घरातलीच असेल तर फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. तो पट्टा ब्लूटूथच्या वाटेतच येत नाही. बहुतेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि फोन स्वतः ठरवतो कुठे जायचं. तुम्ही राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी करा, ५ च्या नावापुढे पाच लिहा, आणि फोनला तेच नेटवर्क द्या. जुन्या २.४ वाल्या नावाला फोनमधून ‘विसरा’ म्हणा, नाहीतर तो रात्री हळूच परत तिकडे जाईल. राउटरच्या सेटिंगला हात लावायचा नसेल तर नेट देणाऱ्यांच्या माणसाला फोन करून सांगा, त्यांच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे. याची एक उणीव आहे: ५ चा पट्टा भिंतींतून कमी जातो. राउटर दिवाणखान्यात आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडच्या खोलीत असाल तर तिथे नेट मंद वाटेल. मग राउटरची जागा बदलणं हाच मार्ग.

मायक्रोवेव्हबद्दल एका वाक्यात: तो चालू असेपर्यंत त्याच्या आसपास अडखळणं स्वाभाविक आहे, त्यासाठी काही करू नका.

सगळ्यात चांगलं सेटिंग

मुलानं जे लावून दिलं त्याला एलडॅक म्हणतात. सोनीचा कोडेक आहे, म्हणजे आवाज आवळून पाठवायची एक पद्धत. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनमध्ये तो येऊ लागला. तो तीन वेगांवर चालतो: सेकंदाला ९९०, ६६० किंवा ३३० किलोबिट. मुलानं बहुधा ९९० वर कायमचं ठेवलंय, कारण सेटिंगमध्ये त्याच्यासमोर ‘आवाजाचा दर्जा’ असं लिहिलेलं असतं आणि कोणालाही तेच निवडावंसं वाटतं.

त्याचा हिशोब असा. हेडफोनच्या ब्लूटूथचा वेग, हवा अगदी स्वच्छ असताना, कागदावर सेकंदाला २१७८ किलोबिट इतका जातो. हवा गढूळ झाली की रेडिओ जास्त सावध, पण हळू पद्धतीवर उतरतो, तिथे कमाल १४४८. त्यातले ९९० गाण्यालाच गेले, तर उरलेल्या जागेतच हरवलेली पाकिटं परत पाठवायची, आणि वाय-फायला पाळीही द्यायची. गर्दीच्या संध्याकाळी तेवढी जागा पुरत नाही. ३३० वर आणलं की तीच हवा, तोच हेडफोन, पण पुन्हा पाठवायला भरपूर मोकळी जागा मिळते.

हे सेटिंग कुठे आहे ते सांगतो. सोपा मार्ग असा: फोनच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तुमच्या हेडफोनच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा. तिथे `HD audio: LDAC` अशी कळ दिसेल. ती बंद केली की फोन साधारणपणे एएसी नाहीतर एसबीसी या साध्या कोडेकवर जातो. आधी एवढंच करून पाहा. संध्याकाळी सातनंतरही गाणं सलग वाजलं तर कोडेकचा दोष पक्का झाला.

एलडॅक ठेवायचाच असेल आणि फक्त वेग कमी करायचा असेल तर थोडं खोल जावं लागतं. फोनच्या माहितीच्या पानावर `Build number` वर सात वेळा बोट मारा, म्हणजे सेटिंगमध्ये `Developer options` नावाचं पान दिसू लागतं, ते उघडा. हेडफोन जोडलेला आणि गाणं चालू असताना तिथे `Bluetooth Audio LDAC Codec: Playback Quality` शोधा. चार पर्याय येतील. `Optimized for Connection Quality` म्हणजे ३३०, `Balanced` म्हणून सुरू होणारा म्हणजे ६६०, आणि `Best Effort` म्हणजे परिस्थिती पाहून फोननं वर-खाली करायचं. ९९० वाला कोणता ते तुम्हाला आता ओळखता येईल. त्या पानावरच्या बाकी कशालाही हात लावू नका. आणि एक लक्षात ठेवा, कित्येक फोन हेडफोन पुन्हा जोडला की हे सेटिंग परत मूळ जागी नेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडखळलं तर ‘उपाय चालत नाही’ असं समजण्याआधी ते पान उघडून सेटिंग टिकलंय का ते पाहा.

काही हेडफोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येही ‘आवाजाला प्राधान्य’ की ‘स्थिर जोडणीला प्राधान्य’ अशी निवड असते. असेल तर तिथे दुसरा पर्याय लावा, आणि मग वरचं पान उघडायची गरज नाही.

`Best Effort` आदर्श वाटतो, आणि गच्चीवर तो चांगलाच चालेल. पण घरात, जिथे गर्दी मिनिटामिनिटाला बदलते, तिथे तो वेग वाढवून बघतो, अडचण आली की उतरवतो, पुन्हा चढवतो. मी तुमच्या जागी असतो तर संध्याकाळसाठी ३३० किंवा एएसी लावून विसरून गेलो असतो. दुपारी निवांत ऐकायचं असेल तेव्हा ६६० वर नेऊन पाहा. ९९० डोंबिवलीच्या इमारतीत नको.

आवाजाचा दर्जा जाईल ही भीती तुम्हाला वाटत असेल, तर त्यावर माझं मत सरळ सांगतो. जुन्या टेपवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात टेपची खरखर आणि तेव्हाच्या माइकची मर्यादा आधीच आहे. त्यावर ९९० आणि ३३० मधला फरक बहुतेकांना कळणार नाही, मला तरी कळत नाही. एसबीसीची लोक उगाच निंदा करतात. पूर्ण वेगात तोही सेकंदाला ३२८ किलोबिटवर जातो आणि गाणं नीट ऐकवतो. आलापीत सूर लागता लागता पडणारा खाडा मात्र प्रत्येकाला कळतो. सलग येणारं साधं गाणं हे तुटक येणाऱ्या उंची गाण्यापेक्षा कितीतरी चांगलं, यात मला शंका नाही.

जाता जाता: आयफोनमध्ये एलडॅक नसतो, तिथे एएसी आणि एसबीसी एवढंच. घरात कोणाच्या आयफोनला हाच हेडफोन जोडून संध्याकाळी ऐकून पाहा. तिथे सलग वाजला तर तुमच्या फोनच्या कोडेकवर बोट ठेवायला आणखी एक कारण मिळेल.

हार्ड डिस्क लावली की

हा प्रकार मला विशेष सांगायचाय, कारण लोक वर्षानुवर्षं भोगतात आणि कोणाला कारण सापडत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत कोडेकवर संशय घ्यायचं कारण नाही. विंडोजमध्ये एलडॅक मुळातच नसतो, तिथे एसबीसी किंवा एएसीसारखाच हलका कोडेक चालू असणार, म्हणून एरवी ‘बरा चालतो’. मग डिस्क लावल्यावरच का तुटतो? कारण ती डिस्क यूएसबी ३ ची असणार.

यूएसबी ३ ची वायर सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं बोलते, आणि त्या बोलण्याचा गोंगाट पसरून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पडतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक लेख काढला होता, बिनतारी माउस आणि कीबोर्ड यामुळे कसे अडखळतात ते मोजून दाखवलं होतं. हा गोंगाट वायरीच्या दोन टोकांच्या जोडापाशी जास्त असतो आणि फूटभर लांब गेलं तरी कमी होतो. लॅपटॉपमधल्या ब्लूटूथच्या अँटेनाही पडद्याच्या कडेला किंवा कीबोर्डखाली, त्या सॉकेटपासून वीतभर अंतरावरच असतात. शिवाय तुम्ही डिस्क बहुधा लॅपटॉपला खेटून ठेवत असाल.

खात्री करायची असेल तर एक गाणं डिस्कवरून लॅपटॉपमध्ये उतरवा, डिस्क काढा, ऐका. सलग येईल. मग तेच उतरवलेलं गाणं चालू ठेवून डिस्क पुन्हा लावा आणि तिच्यावरची एखादी मोठी फाईल कॉपी करायला घाला. गाणं डिस्कवरून वाजत नसतानाही अडखळू लागलं, तर दोष डिस्कच्या मंद असण्याचा नाही, तिच्या गोंगाटाचा आहे.

उपाय स्वस्तात होतो. डिस्कच्या मागच्या बाजूचं सॉकेट पाहा. बऱ्याच डिस्कना एक रुंद, मधोमध खाच असलेलं दोन तुकड्यांचं सॉकेट असतं. त्याच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या मोबाईलच्या चार्जरची चपटी मायक्रो यूएसबी वायर बरोबर बसते. ती वायर लावली की डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पद्धतीनं चालते आणि गोंगाट जातो. वायर मात्र माहिती वाहणारी हवी, फक्त चार्जिंगची नको. डिस्कचा वेग खूप कमी होईल, मोठ्या फायली कॉपी व्हायला वेळ लागेल, पण गाण्याला त्याचं काही नाही. सीडीच्या दर्जाचं अखंड गाणंही सेकंदाला दीड मेगाबिटच्या आत असतं, आणि यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिटची. दुसरा मार्ग: डिस्क लांब वायरीनं टेबलाच्या पलीकडच्या कडेला न्या, आणि शक्य असेल तर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या सॉकेटमध्ये लावा. चांगल्या जाड आवरणाच्या वायरीनंही फरक पडतो. डिस्कला टाइप-सी सॉकेट असेल तर हाच मार्ग धरा.

चाळीस टक्क्यांच्या खाली

हा तिसरा भाग मात्र खरोखर हेडफोनचा आहे. जागा, फोन, लॅपटॉप, काहीही असो, खाली आलं की तुटतं, असं तुम्ही लिहिलंय. हवेतली गर्दी बॅटरीचे टक्के पाहून येत नाही.

हेडफोनमधला लिथियम सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टवर असतो आणि हळूहळू उतरत जातो. सेल जुना झाला की त्याचा आतला विरोध वाढतो. म्हणजे एरवी व्होल्टेज ठीक दिसतं, पण आतला अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ आणि नॉइज कॅन्सलिंग यांनी एकदम जास्त करंट मागितला की ते क्षणभर खाली बसतं. भरलेल्या सेलला हा धक्का सोसतो. अर्ध्याहून रिकाम्या, जुन्या सेलला सोसत नाही, आणि चिप क्षणभर गडबडते. फोनवर मात्र ‘४०%’ दिसत राहतात, कारण तो आकडा बऱ्याच हेडफोनमध्ये दहा-दहाच्या टप्प्यांनी कळवला जातो आणि मुळात अंदाजाचाच असतो.

हे ओळखायचं कसं? तबला किंवा पखवाज ठळक असलेली एक मिनिटाची जागा निवडा आणि बॅटरी तिशीत असताना ती तीन-चार वेळा ऐका. जोरकस ठेक्याच्या, आवाज चढण्याच्या जागांवरच खाडे पडत असतील तर सेलवर संशय घ्या. हवेतल्या अडथळ्याचे खाडे संगीताला धरून येत नाहीत, ते तुम्ही मान वळवली, खोली बदलली की बदलतात. मात्र तीच जागा फोनच्या स्पीकरवरही एकदा ऐका. तिथेही अडखळत असेल तर फाईलच खराब आहे. मग नॉइज कॅन्सलिंग बंद करा आणि आवाज निम्म्यावर आणा. खाडे थांबले किंवा विरळ झाले तर सेल थकला आहे.

तुमच्या हेडफोनला वायरीचं सॉकेट असेल तर आणखी पक्की तपासणी आहे. बॅटरी तिशीत असतानाच वायर लावा आणि नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवा. बहुतेक हेडफोन वायर लावली की ब्लूटूथ बंद करतात. रेडिओच नाही, तरीही आवाज तुटला किंवा हेडफोन बंद झाला, तर ब्लूटूथचा काहीही दोष नाही हे सिद्ध झालं. याशिवाय, नवा असताना एका चार्जमध्ये किती दिवस जायचा आणि आता किती जातो ते आठवा. निम्म्यावर आला असेल किंवा पन्नासवरून दहा मिनिटांत वीसवर घसरत असेल, तर आणखी पुरावा नको.

सेल बदलता येतो. कान झाकणाऱ्या बहुतेक हेडफोनमध्ये एका कपाच्या गादीखाली स्क्रू असतात आणि आत चांदीच्या रंगाचं चपटं पाकीट दिसतं. मोबाईल दुरुस्त करणारा आणि सोल्डरिंग येणारा माणूस शोधा. त्याला आधी सेलवर छापलेला आकडा वाचायला सांगा. ६०२५४० असा आकडा असेल तर सेल ६ मिलिमीटर जाड, २५ रुंद आणि ४० लांब असतो, त्याच मापाचा, ३.७ व्होल्टचा, आणि वायरी दोन की तीन तेवढ्याच असलेला सेल हवा. तिसरी वायर तापमान कळवते, ती कापून काम भागवणाऱ्याकडून हेडफोन परत घ्या. बदलल्यावर दुकानातच पूर्ण चार्ज व्हायच्या आधी एकदा गाणं लावून पाहा, आणि घरी नेल्यावर पहिलं चार्जिंग डोळ्यांसमोर करा. सेल फुगलेला दिसला तर तो दाबू नका, टोचू नका आणि कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. कानात बसणाऱ्या छोट्या इअरबड्सच्या बाबतीत मी हा सल्ला देत नाही, ते उघडले की सहसा नीट बंद होत नाहीत.

क्रम असा ठेवा: आज संध्याकाळी एलडॅक बंद करा, उद्या फोन ५ च्या नेटवर्कवर न्या, सुट्टीच्या दिवशी डिस्कला जुनी वायर लावा, आणि सेलची तपासणी बॅटरी तिशीत पोचेल त्या दिवशी. सेल बदलायचा खर्च नव्या हेडफोनच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल आणि कपाच्या गाद्याही फाटल्या असतील, तर मात्र मी नवा घ्या म्हणेन, पण तोही संध्याकाळी सातनंतर तुमच्याच घरात लावून पाहायला मिळेल अशा दुकानातून, परत घ्यायच्या अटीवर.

इतकं करूनही एखादा त्रास उरलाच तर पुन्हा लिहा, आणि लिहिताना फोनवर त्या वेळी कोणता कोडेक दिसतोय, बॅटरी किती आहे, आणि तुम्ही कुठल्या खोलीत, राउटरपासून किती लांब बसलात, एवढं जरूर कळवा.